उपवासाला चालेल

कादंबरी चंदीगडला आली ती सर्वेशच्या बदलीबरोबर. तो हवाई दलात, ती पुण्यात एका जाहिरात कंपनीत कॉपी लिहायची. शॅम्पू, बिस्किटं, हिंजवडीतले फ्लॅट, जे समोर येईल त्याच्यावर. लग्नानंतरची ही तिसरी बदली. आता नोकरी शोधायची ताकद तिच्यात उरली नव्हती. क्वार्टर्सच्या गॅलरीतून रुंद, सरळ, एकसारखे रस्ते दिसायचे, आणि कुठल्या रस्त्याने आपण आलो हेच तिला पहिले काही महिने कळायचं नाही.

रजनी भल्लांची ओळख झाली ती त्यांच्या कॅफेत. सेक्टर अकराच्या मार्केटात, पीजीआय हॉस्पिटलपासून जवळ, हे कॅफे त्या स्वतः चालवायच्या. पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या बाई. कादंबरी लिहिते हे कळल्यावर एकदा समोरची खुर्ची ओढून बसल्या.

"कादंबरी जी, सावन आ रहा है. मुझे व्रत का मेन्यू बनाना है. पर ऐसा कि पढ़ते ही भूख लग जाए."

काम छोटं होतं, पण कादंबरीला ते हवंसं वाटलं. तिथपासून गंमतच सुरू झाली. रजनीजींचा सावन लागला तेव्हा कादंबरीच्या घरचा आषाढच चालू होता. इकडचा महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपला अमावास्येनंतर, हे तिने समजावून सांगितल्यावर रजनीजी खूश झाल्या. म्हणजे सोमवार जास्त मिळणार. मग पदार्थांवरून बोलणं निघालं. रजनीजींच्या घरी उपवासाच्या बटाट्यात टोमॅटो चालायचा, कादंबरीच्या आईने तो कधी चालवून घेतला नसता. रजनीजींना सैंधवाशिवाय दुसरं मीठ चालायचं नाही, कादंबरीच्या माहेरी साधंच मीठ. कुट्टूचं, म्हणजे बकव्हीटचं, पीठ कादंबरीने त्याआधी बघितलंही नव्हतं, आणि दाण्याची आमटी म्हणजे काय ते रजनीजींना माहीत नव्हतं.

"सरळ लिहून टाका ना, शंभर टक्के व्रतवाला," रजनीजी म्हणाल्या.

"तसं नको," कादंबरी म्हणाली. "कोणाच्या उपवासाला काय चालतं ते आपण नाही ठरवायचं. आपण काय काय घातलंय ते सांगायचं. ठरवणारा ठरवेल."

रजनीजींना ते पटलं. मग कादंबरी दोन दिवस स्वयंपाकघरात दीवान सिंगजवळ उभी राहिली. उत्तराखंडातल्या चमोलीकडचा हा आचारी कमी बोलायचा. तिने विचारलं की हातातला डबा उघडून दाखवायचा. तिने सगळं चाखलं, सगळं विचारलं आणि मग लिहिलं. हिंदीत आणि इंग्रजीत तर लिहिलंच, पण रजनीजींच्या आग्रहावरून काही पदार्थांखाली मराठीतही ओळी घातल्या. फौजेतली, सरकारी नोकरीतली मराठी माणसं हॉस्पिटलच्या निमित्ताने इकडे येत, ती बघतील म्हणून.

साबुदाण्याच्या खिचडीखाली तिने लिहिलं: 'दाणा न् दाणा मोकळा, भाजलेल्या शेंगदाण्याचं जाडसर कूट, तुपात तडतडलेलं जिरं, हिरवी मिरची. मीठ सैंधव. कोथिंबीर विचारून घालतो.' वरईच्या भाताखाली: 'मऊ, वाफाळता, सोबत दाण्याची आमटी. आंबटपणा आमसुलाचा, वर जरासा गूळ.' कुट्टूच्या धिरड्याखाली लिहिलं की पीठ ताजं दळलेलं आहे आणि कडा तव्यावर कुरकुरीत होईपर्यंत आम्ही घाई करत नाही. दमआलूखाली स्पष्ट लिहिलं: 'यात टोमॅटो आहे.' आणि साबुदाणा वड्यांखाली: 'बाहेरून खुटखुटीत, आत लुसलुशीत. बांधायला शिंगाड्याचं पीठ, दुसरं काही नाही. तळण वेगळ्या कढईत, शेंगदाण्याच्या तेलात.'

कार्ड छापून आलं. टेबलाटेबलावर उभं राहिलं. कादंबरीने ते घरी आणून फ्रिजला लावलं नाही, पण पर्समध्ये एक ठेवलं.

आपला श्रावण लागल्यावरच्या सोमवारी ती कोपऱ्यात कॉफी घेत बसली होती, तेव्हा शेजारच्या टेबलावरून खणखणीत सातारी आवाजात तिचीच ओळ ऐकू आली.

"कोथिंबीर विचारून घालतो. कोणाला विचारून? कोथिंबिरीला?"

"अहो, हळू," त्यांच्या समोरच्या बाई म्हणाल्या. पण त्यांनाही हसू आलं होतं.

कादंबरीला राहवलं नाही. "मीच लिहिलंय ते," ती म्हणाली.

अशी ओळख झाली. रघुवीर माने लेखापरीक्षण खात्यात होते, निवृत्तीला थोडा अवकाश होता. वंदनाकाकूंनी त्यांच्या बदल्यांबरोबर निम्मा देश पाहिला होता. ज्ञानदा, एकुलती एक मुलगी, बंगळूरला नोकरीला. हे दोघं शहराबाहेर, खरड गावात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत. काकू बाहेरचं उपवासाचं कधीच खात नसत. आजही त्यांनी फक्त चहाच घ्यायचा ठरवलं होतं.

"मग हे वाचलं," त्या म्हणाल्या. "टोमॅटो आहे म्हणून कोणी आपणहून लिहितं होय? तेव्हा वाटलं, इथे खायला हरकत नाही. आणि कोथिंबीर आमच्याकडे सासूबाईंपासून चालत नाही, ती नको म्हणून सांग हं."

रघुवीरकाका उपवास करत नसत. पण काकूंच्या ताटलीतला वडा त्यांनीच अर्धा खाल्ला.

पुढे कादंबरीचं खरडला जाणं-येणं सुरू झालं. पुरणपोळीला बोलावणं आलं, गौरी-गणपतीला आलं. कॅफेतल्या आमटीसाठी इथे आमसुलं मिळत नाहीत हे कळल्यावर काकूंनी आपल्या बरणीतली मूठभर काढून दिली. काका संध्याकाळी तिला रिक्षापर्यंत सोडायला येत आणि वाटेत इकडच्या झाडांची नावं विचारत. तिला ती माहीत नसत, त्यांनाही नसत. आईवडिलांपासून इतकं लांब आल्यावर अशी दोन माणसं मिळाली याचं तिला फार बरं वाटे. सर्वेश बरेचदा कामावर बाहेर असायचा, आणि काकूंच्या घरी पाऊल टाकलं की फोडणीचा वास यायचा, एवढ्यानेसुद्धा तिचा दिवस सरळ व्हायचा.

पितृपक्षात काकांच्या पोटात दुखायला लागलं. पित्त असेल म्हणून त्यांनी अंगावर काढलं. उलट्या थांबेनात तेव्हा खरडमधल्या डॉक्टरांनी तपासलं आणि पीजीआयला न्यायला सांगितलं. पित्ताशयातला खडा उतरून स्वादुपिंडाला सूज आली होती. पहिले दोन दिवस ते हसून बोलत होते. मग सूज वाढली, ताप चढला, श्वास लागायला लागला आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं. ज्ञानदा येऊन गेली, पुन्हा यायची तयारी करत होती.

काकू हॉस्पिटलजवळच्या सराईत, म्हणजे रुग्णांच्या नातेवाइकांसाठीच्या धर्मशाळेत, एक खाट घेऊन राहिल्या. खरड लांब, रस्त्यात गर्दी, आणि आतून कधी बोलावणं येईल याचा नेम नाही. घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी कादंबरी त्यांना भेटायला गेली तेव्हा त्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर पदर घट्ट लपेटून बसल्या होत्या.

"यंदा घट बसवत नाही," त्या म्हणाल्या. "घरात दिवा राखायला कोण आहे? लग्न झाल्यापासून कधी चुकले नव्हते. उठता-बसता उपवास करायचे मी, पहिला आणि शेवटचा. या वर्षी नऊही दिवस धरते. माझ्या हातात तेवढंच आहे."

"काकू, तुमची तब्येत बघा. धावपळ आहे."

"खाईन की. तुझं कॅफे आहे ना समोर. तुझं कार्ड आहे म्हणून मला काळजी नाही."

कादंबरीला ते ऐकून बरं वाटलं. पुढे कितीतरी दिवस तिला हेच आठवत राहिलं, की ते ऐकून आपल्याला बरं वाटलं होतं.

नवरात्राचं कार्ड तिने त्याच आठवड्यात करून दिलं होतं. इकडे नवरात्र जोरात. रजनीजींना राजगिऱ्याचे वॉफल, मखाण्याची खीर आणि अरवीची, म्हणजे अळकुड्यांची, टिक्की वाढवायची होती. कादंबरीने नवे पदार्थ चाखले, त्यांच्या ओळी लिहिल्या, श्रावणातलं जुनं तसंच ठेवलं आणि फाइल छापायला पाठवली. हॉस्पिटलच्या फेऱ्या चालू होत्या. जुन्या ओळी एकदा तपासून झाल्या होत्या, म्हणून तिने त्या पुन्हा पाहिल्या नाहीत.

रोज सकाळी काकू सराईतून आंघोळ करून येत, कॅफेच्या काउंटरवर उभ्या राहत आणि दोन वडे कागदात बांधून घेत. खिचडी घेऊन बसायला वेळ नसे, आणि वडे वॉर्डाबाहेर उभ्यानेही खाता येत. दुपारी दूध. मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काही नाही. मधे काकांचा ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, आज जरा बरं आहे. काकूंनी फोन करून ते सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यासारखा वाटला. "देवी बघतीये," त्या म्हणाल्या.

सहाव्या माळेला कादंबरी कॅफेत गेली. गर्दी इतकी की बसायला जागा नव्हती. रजनीजींना काही मदत हवी का म्हणून ती आत डोकावली. दीवान सिंगच्या जागी दुसराच माणूस होता, गोल चेहऱ्याचा, केटरिंगमधून आणलेला सोहनलाल. परातीत साबुदाणा, बटाटा, दाण्याचं कूट. त्याने एका डब्यातून पांढरंशुभ्र पीठ दोन मुठी घातलं आणि मळायला घेतलं.

शिंगाड्याचं पीठ इतकं पांढरं नसतं. जरा मळकट, राखाडी असतं.

"भैया, ये क्या डाला?"

"कॉर्नफ्लोर, मैडम. आलू कोल्ड स्टोर का है, पानी छोड़ता है. वडा तेल में फट जाता है. इससे पक्का बंधता है."

"दीवानजी कहाँ हैं?"

त्यांची आई आजारी झाली म्हणून घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ते गावी गेले होते. सोहनलालला उपवास वगैरे माहीत होता. गहू नको, कांदा-लसूण नको, सैंधव वापरायचं, वेगळी कढई ठेवायची, हे सगळं त्याने नीट पाळलं होतं. कॉर्नफ्लोअर म्हणजे मका आणि मका म्हणजे धान्य, हे मात्र त्याच्या लक्षात आलं नव्हतं. शिंगाड्याच्या पिठाचं पोतं कोपऱ्यात तोंड शिवलेलंच पडलं होतं.

कादंबरी बाहेर आली. रजनीजींना तिने बाजूला घेतलं आणि सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्या स्वतः नवरात्र करत. त्यांनीही एके संध्याकाळी ते वडे खाल्ले होते.

"हाय रब्बा," त्या हळूच म्हणाल्या. मग, "आजपासून शिंगाडा घालतो. हे पीठ टाकून देते. पण झालं ते झालं. कुणाला सांगून काय होणार?"

"कार्डावर आपण लिहिलंय, दुसरं काही नाही म्हणून."

"अनजाने में हुआ, कादंबरी जी. अनजाने का दोष नहीं लगता."

"ते त्यांनी ठरवायचं ना. ज्यांनी खाल्लं त्यांनी."

रजनीजींनी काउंटरकडे पाहिलं. वाईट बाई नव्हत्या त्या. काउंटरवर माणसं थांबली होती, सणाचा धंदा होता. शेवटी म्हणाल्या, "लिहा. काउंटरवर लावू. पण छोटं लिहा."

आणि कादंबरी निघाली तेव्हा तिचा हात धरून त्यांनी विचारलं, "वो आपकी आंटी? जिनके हस्बैंड वेंटिलेटर पर हैं?"

त्या सकाळीच काकांना पुन्हा श्वास लागला होता आणि नळी घातली होती. कादंबरीने नुसतीच मान हलवली.

"उन्हें मत बताना," रजनीजी म्हणाल्या.

घरी जेवताना सर्वेशही तेच म्हणाला. "सांगून काय मिळणार? काकूंचा उपवास परत येणार आहे का? नुसता त्रास. तू उद्या वडे नीट झालेत का ते बघ आणि गप्प बस."

"उद्या कळलं तर?"

"कोण सांगणार आहे? बाकीच्यांसाठी पाटी लावलीस की झालं."

कादंबरी लिहायला बसली. आजवर तिने भूक लागावी म्हणून लिहिलं होतं, विकलं जावं म्हणून लिहिलं होतं. हे तसं नव्हतं. तिने हिंदीत लिहिलं की नवरात्राच्या पहिल्या दिवसापासून सहाव्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या साबुदाणा वड्यात कॉर्नफ्लोअर होतं, कार्डावर शिंगाड्याचं पीठ म्हटलं होतं, ही चूक आमची आहे, आता वडे शिंगाड्याच्या पिठात होतात, आणि ज्यांनी विश्वासाने खाल्ले त्यांची आम्ही क्षमा मागतो. तेच इंग्रजीत लिहिलं. मग तिने कर्सर खालच्या ओळीवर नेला आणि बराच वेळ तो तसाच लुकलुकू दिला. कागदावर जागा होती. तिने फाइल बंद केली आणि रजनीजींना पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच कॅफेत पोचली. सोहनलालने तिच्यासमोर शिंगाड्याचं पीठ घालून वडे केले. साबुदाणा नीट निथळून घेतला, बटाटा कोरडा होईपर्यंत परतला, तेव्हा एकही फुटला नाही. ती ते बघत असतानाच काकू आल्या.

त्यांनी रोजच्यासारखी पर्स उघडली आणि समोर पाहिलं. पाटी काउंटरवर त्यांच्या हाताच्या उंचीवरच होती. बदल्यांमध्ये उत्तरेत त्यांची कितीतरी वर्षं गेली होती. हिंदी त्या मराठीइतकीच झरझर वाचत. कादंबरी आतून बाहेर आली तोवर त्यांचं वाचून झालं होतं, आणि त्या पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत होत्या.

"हे आपल्या वड्यांचंच ना?" त्यांनी विचारलं.

"हो, काकू."

"पहिल्या दिवसापासून."

"हो."

काकूंनी पर्स मिटली. आजूबाजूला कप वाजत होते, कोणीतरी पराठा आहे का म्हणून विचारत होतं. काकूंचा आवाज चढला नाही.

"मराठीत का नाही लिहिलंस?"

जागा नव्हती, असं म्हणायला कादंबरीने तोंड उघडलं. पण ते खोटं तिच्या तोंडून निघालं नाही.

"तुम्ही वाचू नये म्हणून," ती म्हणाली.

काकूंनी मान हलवली, जणू भाजीचा भाव ऐकला. "वडे चालतात हे मात्र मराठीत लिहिलं होतंस."

रजनीजी दुधाचा पेला घेऊन बाहेर आल्या. दीदी, अनजाने में हुआ, माता रानी सब जानती हैं, असं काहीबाही म्हणत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. काकूंनी त्यांना हिंदीत सांगितलं की तुमचा काही दोष नाही, आणि पेला हातात न घेता, भेटायची वेळ झाली म्हणून निघून गेल्या.

त्यानंतर काकूंनी फक्त पाणी घेतलं, आणि ज्ञानदाच्या आग्रहाने एखादं केळं. ती त्याच रात्री विमानाने आली होती. कादंबरीने घरून रताळी उकडून, गूळ घालून डबा नेला. काकूंनी तो घेतला, बाकावर ठेवला, म्हणाल्या, "ठेव. नंतर बघते." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर तिला काहीतरी धरता आलं असतं. संध्याकाळी डबा तसाच जड होता.

नवमीच्या सकाळी काका गेले.

त्या दिवशी घरोघर कंजक, म्हणजे कुमारिकापूजन, होतं. लाल ओढण्या घेतलेल्या लहान लहान मुली, हातात पुरी-हलवा-चण्यांच्या ताटल्या, या दारातून त्या दारात जात होत्या. सर्वेश रजा टाकून आला. कागदपत्रं, गाडी, सेक्टर पंचवीसच्या स्मशानात नंबर, सगळं त्याने आणि काकांच्या ऑफिसातल्या लोकांनी पाहिलं. कादंबरी काकूंजवळ बसून राहिली. काकू फारशा रडल्या नाहीत. मधेच एकदा त्यांनी विचारलं, "आज नवमीच ना?" आणि कोणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच "हो" म्हणाल्या.

साताऱ्याहून काकूंचे भाऊ आले. दिवस इथेच करायचे ठरले. महाराष्ट्र मंडळातल्या कुणाच्या तरी ओळखीने गुरुजी मिळाले. खरडच्या त्या फ्लॅटमध्ये कादंबरी रोज जायची, कधी पिठलं-भात करून न्यायची, कधी नुसती भांडी घासायची. काकू तिच्याशी बोलत, पण गरजेपुरतं. चहा हवा का, ज्ञानदा कुठे आहे, दार लाव.

एकदा ज्ञानदा तिच्यामागोमाग जिन्यात आली.

"ताई, आईने मला ते सांगितलं. वड्यांचं."

कादंबरी थांबली.

"मी तुम्हाला दोष देत नाहीये. खरंच नाही. मी यातलं काही मानत नाही. पण ती रात्री झोपत नाही. उठते आणि मला विचारते, बाबांना ताप उतरला होता तो कोणत्या दिवशी, पुन्हा श्वास लागला तो कोणत्या दिवशी. तुम्ही तिला समजावून सांगा ना. माझं ती ऐकत नाही."

"माझं ऐकतील?"

"तुम्ही लिहिता ना. तुम्हाला शब्द सापडतील."

शब्द सापडले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी काकू पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, तेव्हा कादंबरी खाली सतरंजीवर बसली आणि नुसतं म्हणाली, "काकू, मी स्वयंपाकघरात जाऊन बघायला हवं होतं."

काकूंनी खिडकीकडून नजर वळवली.

"वड्याने माणूस मरत नाही हे कळतं मला," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं, आत काय काय सडलं होतं ते. मी अडाणी नाही. पण कादंबरी, तिथे काचेच्या पलीकडे त्यांना सगळं दुसरेच करत होते. औषध दुसरे देत होते, तोंड दुसरे पुसत होते. मला दिवसातून दोनदा बघायला सोडायचे. मग मी त्यांच्यासाठी काय केलं? उपवास केला. तेवढंच माझ्याकडे होतं. आणि तोही झाला नव्हता."

"झाला होता, काकू. तुमच्या मनाने तुम्ही—"

"नको," काकू म्हणाल्या. "तसं नको सांगूस. सगळे तेच सांगतात."

स्वयंपाकघरात नळ टपकत होता. कादंबरीला उठून तो बंद करावासा वाटला, पण ती उठली नाही.

"ते असताना मला हे कळलं नसतं," काकू म्हणाल्या, "तर ते गेल्यावर मी म्हटलं असतं, माझ्याकडून काही राहिलं नाही. तेवढं तरी म्हणता आलं असतं."

"मग मी पाटी लावायला नको होती का?"

काकूंनी बराच वेळ विचार केला. खरंच विचार केला, हे कादंबरीला दिसत होतं.

"लावायला हवी होती," त्या म्हणाल्या. "पण बरं केलंस असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. तू मला ते म्हणायला लावू नकोस."

"नाही लावणार."

"आणि रोज येऊ नकोस. दमतेस."

ती तरीही गेली. काकूंनी पुन्हा येऊ नकोस असं म्हटलं नाही.

दिवस झाले. फ्लॅट सोडायचं ठरलं. काकू ज्ञानदाबरोबर बंगळूरला जाणार होत्या. सामान न्यायला माणसं आली त्या दिवशी एकादशी होती, दिवाळीच्या तोंडावरची. खरडच्या बाजारात पणत्या आणि विजेच्या माळा मांडल्या होत्या. कादंबरी सकाळीच गेली. खोक्यांवर चिकटपट्टी लावली, देवघरातल्या मूर्ती एकेक करून मऊ कापडात गुंडाळल्या. काकूंच्या बाळकृष्णाला तिने सगळ्यात शेवटी गुंडाळलं.

दुपारी ज्ञानदाने खालून पोहे आणले, सगळ्यांसाठी. खुर्च्या बांधून झाल्या होत्या, म्हणून सगळे उघड्या फरशीवर बसले. काकूंनी कागदी ताटली हातात घेतली.

कादंबरीने ज्ञानदाकडे पाहिलं. ज्ञानदाला एकादशी लक्षात नव्हती, असायचं कारणही नव्हतं. पण काकूंना होती. सकाळीच त्यांनी भावाला फोनवर तिथी सांगितली होती.

"काकू," कादंबरी हळूच म्हणाली, "आज..."

"माहितीये," काकू म्हणाल्या.

त्यांनी पहिला घास घेतला, सावकाश चावला. मग दुसरा. पोह्यांत हळद होती, मोहरी होती, वर कोथिंबीर होती. त्यांनी काहीही बाजूला काढलं नाही. खाली ट्रकचा मागचा दरवाजा लागल्याचा आवाज आला.

"तूही खा," त्या कादंबरीला म्हणाल्या. "गार होतील."

कादंबरीने ताटली उचलली आणि त्यांच्याबरोबर खाऊ लागली.